रोख प्रवाहातले अठरा हजार

जळगावच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो, तेव्हा माझ्याकडे एक एम.कॉम.ची पदवी, एक नवी कोरी ब्रीफकेस आणि भरपूर शिष्टपणा होता. ब्रीफकेसमध्ये बहुतेक वेळा डबाच असायचा. धुळ्याहून दर सोमवारी पहिल्या एस.टी.ने यायचं, आठवडाभर भाड्याच्या खोलीत राहायचं, शनिवारी परत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तासाचे पैसे इतके कमी मिळायचे, की त्यावर बोलायची लाज वाटावी. पण वर्गात शिरल्यावर मुलं उठून उभी राहायची आणि तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

त्याच वर्षी तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात रोख प्रवाह पत्रक नव्याने आलं. मी स्वतः शिकलो ते निधी प्रवाह पत्रक. दोन्ही ऐकायला सख्खे भाऊ वाटले, तरी तसं नव्हतं, पण हे मी कुणाला सांगितलं नाही. सुट्टीत पुस्तक आणून आदल्या दिवशी वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी जन्मल्यापासून येत असल्यासारखं शिकवायचं, असा माझा शिरस्ता होता.

गोष्ट तशी सोपी असते. कंपनीचे दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवायचे. वर्षभरात कुठल्या आकड्यात काय बदल झाला ते पाहायचं आणि त्या बदलातून रोकड आली की गेली ते ठरवायचं. गिऱ्हाइकांकडची उधारी वाढली, म्हणजे विक्री झाली पण पैसा हातात आला नाही, तेवढी वजा. मालाचा साठा कमी झाला, म्हणजे अडकलेला पैसा सुटला, तेवढी मिळवा. घसाऱ्यात, म्हणजे यंत्रांच्या झिजेच्या आकड्यात, पैसा कुठे जातच नाही, नफ्यातून नुसता कागदावर वजा झालेला असतो, म्हणून तो परत मिळवा. मग यंत्रं घेतली त्याचा खर्च, मग भांडवल आणि कर्ज. सगळं धरून जी रक्कम येते ती सुरुवातीच्या रोख शिलकेत मिळवली, की बरोबर ताळेबंदात दिलेली अखेरची रोख शिल्लक आली पाहिजे. ती आली की जुळलं.

या "जुळलं" शब्दाची आमच्याकडे फार चलती. कॉमर्सच्या पोराला परीक्षेहून आल्यावर घरी कुणी "कसा गेला पेपर" असं विचारत नाही. "जुळला का?" असं विचारतात. जुळला म्हटलं की आई चहा टाकते.

अंतर्गत गुणांसाठी वीस मार्कांचा एक स्वाध्याय द्यायचा होता. विभागप्रमुखांनी, म्हणजे ज्यांना सगळे मोठे सर म्हणायचे त्यांनी, स्वतःच्या हाताने गणित लिहून मला दिलं आणि म्हणाले, "याची स्टेन्सिल तेवढी काढा." मराठी टाइपरायटर कॉलेजात नव्हता. मेणाच्या कागदावर टोकदार लेखणीने मी ते सुवाच्य अक्षरात कोरलं आणि शिपाईभाऊंनी सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर बासष्ट प्रती काढल्या. वर्गात बासष्टच मुलं होती.

आठ दिवसांनी गठ्ठा माझ्या टेबलावर आला. आता मी तो कसा तपासला ते प्रामाणिकपणे सांगतो. उत्तर मोठ्या सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं : अखेरची रोख शिल्लक चव्वेचाळीस हजार. मी प्रत्येक कागदाची शेवटची ओळ पाहिली. चव्वेचाळीस हजार? बरोबरची खूण. अक्षर चांगलं असेल तर सोळा, मार्जिन आखलं असेल तर सतरा, लाल-निळ्या शाईत मथळे असतील तर अठरा. पाऊण तासात एकसष्ट कागद हातावेगळे झाले. एकसष्टच्या एकसष्ट जुळले! मला भरून आलं. पहिल्याच वर्षी, नव्या विषयात, आख्खा वर्ग. मी खिडकीच्या काचेत स्वतःला एकदा बघूनही घेतलं.

फक्त एकीचं जुळलं नव्हतं. तिची शेवटची ओळ होती सव्वीस हजार, आणि खाली लिहिलं होतं : "फरक १८,०००. मागे पाहावे." मागे पाहायला मला वेळ नव्हता. माझ्या त्या सुंदर गठ्ठ्यात हा एकच डाग होता आणि मला तिचा रागच आला. लाल शाईने मी आडवी रेघ मारली, "लक्ष नसते" असा शेरा ठोकला आणि चार मार्क दिले. पास व्हायला आठ लागत.

दुसऱ्या दिवशी कागद वाटले. मधल्या सुट्टीत ती विभागाच्या दारात उभी. मुक्ताईनगरकडच्या एका खेड्यातली मुलगी, रोज एस.टी.ने यायची, तिसऱ्या बाकावर बसायची आणि फारसं बोलायची नाही.

"सर, माझे चार मार्क दिसतात."

"दिसतात म्हणजे? आहेतच चार."

"सर, मी मागच्या पानावर..."

"हे बघ, एकसष्ट जणांचं जुळलं. तुझंच तेवढं जुळलं नाही. आता चूक कुणाची असेल?"

मग तिने अगदी सरळ सांगितलं. तिचे वडील, तिचे आबा, जळगावातल्या एका दालमिलमध्ये मेहेताजी होते, म्हणजे हिशेबाच्या वह्या लिहायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, दिसत नव्हतं. मिलच्या शेठनं कबूल केलं होतं की मुलगी बी.कॉम. झाली तर जूनपासून वडिलांच्या जागेवर तिला बसवीन, नाही तर मार्चअखेर दुसरा माणूस बघीन. "अंतर्गतमध्ये नापास झाले तर पूर्ण वर्ष जाते, सर. शेठ काही वर्षभर थांबणार नाहीत. आबांनी सांगितलं, बाई, बाकी काही कर पन आता अडकू नको."

गुणपत्रक शनिवारी विद्यापीठात जाणार होतं. आज मंगळवार होता.

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं आणि शिष्टपणा यांच्यात त्या वयात माझा शिष्टपणाच जिंकायचा. मी म्हणालो, "ठीक आहे. पुढच्या तासाला मी फळ्यावर सोडवून दाखवतो. सगळ्यांसमोर. म्हणजे तुझी चूक तुलाच कळेल."

हे वाक्य मी आयुष्यात परत कधी कुणाला म्हटलेलं नाही.

पुढच्या तासाला मी बाह्या सरसावल्या, छापील प्रश्न डाव्या हातात धरला आणि फळ्याला भिडलो. नफा-तोटा खातं साठ हजारांवरून पंच्याऐंशी हजार. नफा पंचवीस हजार. घसारा वीस हजार मिळवा. पंचेचाळीस. साठा सत्तरचा साठ झाला, दहा मिळवा. उधारी पन्नासची चौसष्ट हजार झाली, चौदा वजा. धनको, म्हणजे ज्यांचं देणं आहे ते, तीसचे पस्तीस, पाच मिळवा. कामकाजातून आले शेहेचाळीस हजार. मग यंत्रसामग्री : दोन लाखांची दोन लाख तीस हजार, त्यात वीस घसारा, म्हणजे नवी घेतली पन्नास हजारांची. वजा. भाग भांडवल वीस हजारांनी वाढलं, बँकेचं कर्ज दहा हजारांचं फेडलं, दोन्ही धरून दहा मिळवा. खडू टकटक वाजत होता आणि मागे वर्ग शांत होता. एकूण वाढ सहा हजार. सुरुवातीची शिल्लक वीस हजार.

सव्वीस.

मी फळ्याकडे बघत राहिलो. सव्वीस हजार माझ्याकडे बघत राहिले. मी डस्टर उचललं, ठेवलं, "हं" म्हणालो. मनात भराभर सगळं परत केलं. परत सव्वीसच.

मागून पहिल्या बाकावरच्या एका मुलाने हळूच विचारलं, "सर, जुळलं?"

आणि मी, एम.कॉम. प्रथम श्रेणी, ब्रीफकेसधारी, त्या क्षणी फळ्यावर वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली : "इतर किरकोळ जमा – १८,०००." मग खाली चव्वेचाळीस हजार लिहून दोन समांतर रेघा मारल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मुलांना वाटलं, सरांनाही आपल्यासारखंच येतं.

तिसऱ्या बाकावर ती टाळ्या वाजवत नव्हती. तिने फळ्यावरची ती ओळ वाचली, मग प्रश्नाचा कागद वाचला, मग परत फळा वाचला. ती अठरा हजार शोधत होती. त्या पोरीला वाटत होतं, सरांनी लिहिलंय म्हणजे प्रश्नात कुठेतरी असणारच. मला तिथल्या तिथे खडू टाकून पळून जावंसं वाटलं.

तास संपल्यावर तिचा कागद मी मागून घेतला. "परत बघतो," एवढंच म्हणालो. विभागात कुणी नव्हतं. मी पान उलटलं.

मागे बारीक, उभ्या अक्षरात लिहिलं होतं : "फरक १८,०००. याचे निम्मे ९,०००. मिळवायची रक्कम चुकून वजा केली तर दुपटीचा फरक येतो, पण ९,००० ची बाब पत्रकात कुठेच नाही. १८,००० ला नऊने भाग जातो. आबा म्हणतात, नऊने भाग गेला तर कुठेतरी दोन आकडे उलटे लिहिले गेले असतील. प्रश्नातील दुसऱ्या वर्षाच्या मालमत्तेची बेरीज ३,८०,००० छापली आहे, ती ३,९८,००० होते. ऋणकोंची (उधारीची) रक्कम ६४ ऐवजी ४६ हजार असल्यास सर्व जुळते. सर, कृपया तपासावे."

छापील बेरीज! ती कोण परत मारतो? मी मारली. दोन लाख तीस, अधिक साठ, अधिक चौसष्ट, अधिक चव्वेचाळीस. तीन लाख अठ्ठ्याण्णव हजार. दुसऱ्या बाजूला तीन लाख ऐंशी. जो ताळेबंद मुळातच जुळत नव्हता, त्यातून एकसष्ट जणांनी जुळणारं पत्रक काढलं होतं, आणि मी बासष्टावा.

माझा पहिला विचार, सांगायला शरम वाटते, पण शिपाईभाऊंवर ढकलायचा होता. त्यांना हाक मारली. "भाऊ, प्रती काढताना काही गडबड झाली का? आकडे उलटसुलट?"

भाऊ धुळ्याकडचे, माझ्याच बाजूचे. त्यांनी कपाटातून जुनी स्टेन्सिल काढली, उजेडात धरली आणि शांतपणे अहिराणीत म्हणाले, "सर, मी ते फक्त हँडल फिराव. आकडा तुम्हीच कोरात." मेणाच्या कागदावर माझ्या सुवाच्य अक्षरात चौसष्ट हजार उभे होते.

मग मी उरलेले एकसष्ट कागद परत मागवले आणि पहिल्यांदा पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो. आयुष्यात इतकं हसलो नाही आणि हसताना इतकं मेल्याहून मेल्यासारखंही झालं नाही. अठरा हजारांसाठी मुलांनी काय काय केलं होतं! बावीस जणांनी कंपनीचं जुनं यंत्र विकलं होतं, सगळ्यांनी बरोबर अठरा हजारांना, आणि सगळ्या बावीस कागदांत "यंत्र" या शब्दावर तसाच शाईचा डाग होता, उतरवताना तोही सोडला नव्हता. कुणी घसारा वीसचा अडतीस केला होता. कुणी कर्जफेड केलीच नव्हती आणि वर आठ हजार उसने आणले होते. एकाने गिऱ्हाइकांकडची उधारी वाढली असं लिहून चौदा हजार वजा न करता चार हजार मिळवले होते. उत्तर अगदी बरोबर, कारण ते त्याने जुन्या कुठल्या तरी गणितावरून ढापलेलं असावं. एकाने "केळी विक्री" लिहिलं होतं. यंत्रांच्या कंपनीत केळी कुठून आली हे त्याला विचारायची सोय नव्हती, कारण त्याच्या घरी खरंच बाग होती आणि अडचण आली की तिथे केळीच विकत असणार. आणि एका मुलीने मोठ्या विश्वासाने लिहिलं होतं, "मामाकडून भेट – १८,०००." तिला मी सतरा दिले होते. मार्जिन फार सुरेख आखलं होतं.

दुपारी मी मोठ्या सरांच्या केबिनबाहेर उभा राहिलो. आत जायला मला वीस मिनिटं लागली. पुढच्या वर्षी मला तास द्यायचे की नाहीत, हे तेच ठरवणार होते. मी गप्प बसलो असतो तर काहीही झालं नसतं. तिला परस्पर आठ देऊन पास केलं असतं तरी चाललं असतं, असंही डोक्यात आलं. पण आठ? ज्या एकटीला गणित आलं तिला काठावर पास? मला माझाच संताप आला आणि त्या संतापातच मी दार ढकललं.

सगळं सांगितलं. किरकोळ जमेची ओळसुद्धा. सरांनी ड्रॉवरमधून मी परत केलेला त्यांचा मूळ कागद काढला. शेहेचाळीस हजार. मग तिचं मागचं पान वाचलं. चष्मा काढून परत वाचलं.

"फळ्यावर काय लिहिलंत म्हणालात?"

"इतर किरकोळ जमा, सर."

"अठरा हजार किरकोळ?" ते म्हणाले. "मग तुमच्या तासाचे पैसे काय म्हणायचे हो?" त्यांचं पोट हलायला लागलं. बराच वेळ हलत होतं. मग एकदम थांबलं. "उद्या वर्गात जा. खरं सांगा. एकसष्ट जणांकडून दुरुस्त प्रश्नावर परत करून घ्या, शुक्रवारपर्यंत. आणि हिला पूर्ण द्या. पूर्ण म्हणजे वीस. मार्जिनचं बघू नका."

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, की चौसष्टच्या जागी शेहेचाळीस करा. स्टेन्सिल कोरताना मी आकडे उलटे लिहिले. मग मागून एक जण काकुळतीला येऊन म्हणाला, "सर, पन मग आमी जे मशीन विकलं, त्याचं काय?"

"ते परत घ्या," मी म्हणालो. "अठरा हजार देऊन." वर्ग खदखदला. मामाच्या भेटीवालीने मान खाली घातली. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून ती उठली. आवाज अगदी साधा, टोमणा नव्हता त्यात. "सर, काल तुम्ही फळ्यावर अठरा हजार कुठून आणले होते? मी घरी आबांनाही विचारलं. त्यांनाही सापडले नाहीत."

म्हणजे काल संध्याकाळी ती मोतीबिंदू झालेल्या बापाजवळ बसून माझी थाप शोधत होती. "मनातून आणले," मी म्हणालो. "खोटे होते. तुझं पत्रक बरोबर होतं, माझं चूक."

या वेळी कुणी हसलं नाही. ती "बरं, सर," म्हणून खाली बसली आणि वहीत काहीतरी खोडलं.

शुक्रवारी संध्याकाळी गुणपत्रक पक्कं करायचं होतं. त्यात तिच्या नावापुढे चार हा आकडा मी आधीच शाईने लिहून बसलो होतो. खाडाखोड केली तर त्याच ओळीत कारण लिहावं लागे आणि त्यापुढच्या चौकटीत शिक्षकाची सही, नाहीतर विद्यापीठ मूळचा आकडाच धरी. मी चार खोडून वीस केले. कारण म्हणून आधी "लेखनदोष" लिहायला घेतलं. मोठ्या सरांनी नुसतं पाहिलं. मग मी "तांत्रिक अडचण" म्हणून बघितलं. ते म्हणाले, "वीज गेली होती का?" शेवटी मी लिहिलं, "शिक्षकाची चूक." तीन आठवड्यांचे तास देऊन मला कुणी हे लिहून दे म्हटलं असतं तरी दिलं नसतं. पण लिहिलं, शाई वाळली, आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

मग सरांनी तिला बोलावून घेतलं. बदललेले गुण विद्यार्थ्याला दाखवायची पद्धत होती. ती आली. टेबलावर वाकून तिने ओळीवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचत गेली. नाव, नंबर, खोडलेले चार, वर लिहिलेले वीस, कारण. कारणापाशी ती थांबली. आता आभार मानेल, या तयारीने मी चेहरा नम्र केला होता.

बोट आणखी पुढे सरकलं, शेवटच्या रिकाम्या चौकटीवर गेलं आणि तिथेच राहिलं.

"सर," ती म्हणाली, "तुमची सही राहिली."